जळगावहून पुण्याला इलेक्ट्रिक गाडीने: रस्ता आणि चार्जिंगचे थांबे कसे ठरवायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खान्देशातून पुण्यामुंबईला शिकायला, नोकरीला, दवाखान्याला जाणं हे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिला प्रश्न हाच येतो: गावात फिरायला ठीक, पण पुण्याला नेता येईल का? मी जळगावहून ही गाडी पुण्याला नेत असतो. ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळा हिशोब ४० युनिटच्या बॅटरीचा आहे (गाडीच्या कागदांवर हे किलोवॅट-अवर म्हणून लिहिलेलं असतं, ते आणि विजेच्या बिलातलं युनिट एकच). तुमची बॅटरी लहानमोठी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

कंपनी सांगते एवढी रेंज हायवेवर मिळते का?

नाही, आणि त्यात गाडीचा दोष नाही. कंपनीच्या आकड्यामागची चाचणी ठरावीक, कमी वेगाच्या चक्रात होते. हायवेवर सगळ्यात जास्त वीज खातो तो वारा कापण्याचा जोर, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. चार माणसं आणि सामान असलेली मध्यम आकाराची गाडी एसी लावून ८०च्या वेगाने शंभर किलोमीटरला साधारण १४ युनिट घेते. तीच गाडी १००ने पळवली तर १७-१८, आणि ११०ने पळवली तर २० युनिट. म्हणजे ४० युनिटची गाडी ८०ने २८० किलोमीटर जाईल आणि ११०ने २००च.

मी डोक्यात एकच आकडा ठेवतो: ८०च्या वेगाने शंभर किलोमीटरला ३५ टक्के. पुढचा सगळा हिशोब यावरच चालतो. तुमच्या गाडीचा आकडा काढायला जळगाव-धुळे-जळगाव अशी एक फेरी पुरते. निघताना आणि परतल्यावर टक्के लिहून ठेवा, मधे चार्ज करू नका. जाऊन येऊन हिशोब केला की वाऱ्याचा आणि चढाचा फरक बराचसा निघून जातो. पडद्यावर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरवर मात्र विसंबू नका. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला असतो, आणि गावातून हायवेला लागलात की तो पहिल्या तासात झरझर खाली येतो.

जळगावहून पुण्याला कोणता रस्ता घ्यावा?

तीन रस्ते आहेत. नेहमीचा पहूर, फर्दापूर, अजिंठा घाट, सिल्लोड, फुलंब्री करत छत्रपती संभाजीनगर आणि तिथून अहिल्यानगरमार्गे पुणे, साधारण ३९५ किलोमीटर. दुसरा पाचोरा, भडगाव, चाळीसगाव आणि मग औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नडचा घाट, चढून संभाजीनगर. तिसरा धुळे, मालेगाव, नाशिक आणि पुढे सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे पुणे. तो ४६५ च्या घरात जातो.

पेट्रोलच्या गाडीत आपण किलोमीटर आणि खड्डे बघतो. इथे तिसरी गोष्ट बघायची: सलग किती किलोमीटर असे आहेत जिथे माझ्याकडे दोन स्वतंत्र पर्याय नाहीत? नकाशावर रस्त्यावर किती ठिपके आहेत हे मोजू नका, दोन भरवशाच्या ठिकाणांमधलं सगळ्यात मोठं अंतर मोजा. वीस ठिपके दोन शहरांत दाटलेले असतील आणि मधे दीडशे किलोमीटर कोरडे असतील, तर तुमच्यासाठी तो रस्ता दीडशे किलोमीटरचाच आहे.

या मापाने अजिंठ्याचा रस्ता वाईट नाही. जळगाव ते संभाजीनगर साधारण १६० किलोमीटर आहे. या टापूत वाटेत एखादा चार्जर दिसला तरी मी तो हिशोबात धरत नाही, लागला तर वरचा. घरून शंभर टक्के भरून निघालं की हा टप्पा एका दमात होतो, आणि संभाजीनगर मोठं शहर असल्याने तिथे एक बंद तर दुसरा मिळतो. चाळीसगावचा रस्ता या टप्प्यापुरता तीसेक किलोमीटर लांब पडतो, त्यामुळे मी तो पाचोरा-भडगावकडे काम असेल तरच घेतो. पावसाळ्यात तर तो घाट आधी विचारूनच धरावा. ऑगस्ट २०२१ अखेरीस तिथे दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. पेट्रोलवाला अशा वेळी वळसा घालून मोकळा होतो, आपला पन्नास किलोमीटरचा वळसा म्हणजे १७-१८ टक्के.

नाशिकचा रस्ता सत्तर किलोमीटर जास्त आहे, पण धुळ्यापासून तो मुंबई-आग्रा महामार्ग आहे आणि पुढे मालेगाव, नाशिक, संगमनेर अशी मोठी गावं ओळीने लागतात. गाडीची बॅटरी २४-२५ युनिटची असेल तर मी हाच सांगेन. त्या गाडीला जळगाव ते संभाजीनगर घाटासकट एका चार्जमध्ये अगदी काठावर जातं, आणि काठावरचा प्रवास मुलाबाळांना घेऊन करू नये.

धुळ्याच्या आणि नंदुरबारच्या लोकांना मालेगाव, मनमाड, येवला, शिर्डी करत अहिल्यानगर हा रस्ता सोयीचा पडतो. शिर्डीत हॉटेलं भरपूर, त्यामुळे पर्यायही मिळतात.

घाटात बॅटरी झपाट्याने संपते ना?

ही भीती फार पसरलेली आहे आणि ती आकड्याने घालवता येते. माणसांसकट १८०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला सुमारे अर्धं युनिट लागतं. मोटरमधली घट धरून थोडं जास्त. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २१० मीटरवर आहे, संभाजीनगर ५७० मीटरच्या आसपास. म्हणजे उंचीचा फरक साडेतीनशे मीटर आणि खर्च दोन युनिट, बॅटरीचे ५ टक्के. येताना याच उतारावर त्यातला बराचसा भाग ब्रेकमधून बॅटरीत परत येतो.

अजिंठा घाट चढताना पडद्यावरचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात म्हणून माणूस घाबरतो. पण फर्दापूरपर्यंतच्या सरळ रस्त्यावर ८०ऐवजी १००ने आलात तर त्या साठेक किलोमीटरमध्येच घाटाएवढी वीज तुम्ही आधी घालवलेली असते. ती हळूहळू गेली म्हणून दिसली नाही, एवढंच.

मग खरं नुकसान कशाने होतं?

वेगाने, आणि आपल्याकडे समोरच्या वाऱ्याने. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जून-जुलैत तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा असा वाहतो की धुळ्याहून साक्री, नवापूरमार्गे सुरतेला जाताना तो थेट तोंडावर येतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही ८०ने जात असाल तर गाडी ११०चा वारा कापत असते. खप तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही वाढतो. मीटरवर ८०च दिसतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

रस्त्याकडेच्या झाडांकडे, बाजरीच्या ताटांकडे बघा. ती तुमच्याकडे झुकलेली असतील तर वेग ७०वर आणा आणि पहिल्या तीस किलोमीटरमध्ये किती टक्के गेले ते तपासा. आपल्या नियमाने १०-११ टक्के जायला हवेत. १४-१५ गेले तर पुढचा थांबा तिथेच बदला, आशेवर पुढे जाऊ नका. पुण्याच्या रस्त्याला हा त्रास कमी आहे, कारण आपण बहुतेक दक्षिणेकडे जातो.

भरवशाचा थांबा म्हणजे नेमकं काय?

माझी एकच अट आहे: थांब्यावर पोहोचताना गाडीत एवढी चार्ज हवी की तो थांबा पूर्ण बंद निघाला तरी पुढच्या दुसऱ्या थांब्यापर्यंत जाऊन वर १० टक्के उरतील. ही अट पाळली की चार्जर बंद निघणं ही अडचण फक्त वेळेची राहते. रस्त्यात अडकण्याची होत नाही.

"दुसरा थांबा" म्हणताना एक फसगत होते. एका मशीनला गाडीत लावायच्या दोन गन असतात आणि ॲपवर ते दोन चार्जर म्हणून दिसतात. मशीन बिघडलं तर दोन्ही गन जातात. एकाच पेट्रोल पंपावर दोन मशीन असली तरी वीज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येते, ट्रान्सफॉर्मर उडाला की दोन्ही बंद. वळिवाच्या वादळात आपल्याकडे हे दर वर्षी घडतं. जळगाव, रावेर, यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ विजेचे खांब सोडत नाही. म्हणून दुसरा पर्याय वेगळ्या जागी, जमलं तर वेगळ्या कंपनीचा आणि वेगळ्या ॲपचा असावा. शहराच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, हे उत्तम.

ॲपवर हिरवं दिसतं, तरी बंद निघतो. आधी कसं ओळखायचं?

हिरव्या ठिपक्याचा अर्थ इतकाच की त्यावर आत्ता कुणी गाडी लावलेली नाही. तो खरोखर चालतो याची ती खात्री नाही. मी तीन गोष्टी बघतो. एक, प्लगशेअरसारख्या ॲपवर गेल्या सात-आठ दिवसांत कुणी तिथे चार्ज केल्याची नोंद आहे का, आणि त्यात किती किलोवॅटने झालं ते लिहिलंय का. महिनाभरापूर्वीची वाहवा कामाची नाही. दोन, त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही तो चालू दिसतो का. तीन, फोन.

फोनवर काय विचारायचं हे महत्त्वाचं आहे. मी पूर्वी "चार्जर चालू आहे का?" असं विचारायचो. एकदा एका ढाब्याच्या मॅनेजरने ठामपणे सांगितलं, "चालू शे ना भाऊ, या." पोहोचलो तर दिवा लागलेला होता, मशीनचा पडदा उजळत होता, पण आठवडाभर त्याला इंटरनेट नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते चालूच होतं. तो खोटं बोलला नव्हता, माझाच प्रश्न चुकला होता. आता मी विचारतो: "आज किंवा काल कोणी गाडी चार्ज करून गेलं का?" याचं उत्तर हो किंवा नाहीच येतं. दुसरा प्रश्न: "लाइट गेली तर जनरेटरवर चालतो का?" बहुतेक ठिकाणी जनरेटर हॉटेलापुरताच असतो, चार्जरला नाही. हे आधी कळलं म्हणजे भारनियमनाच्या वेळा विचारता येतात.

एक प्रवास टक्क्यांसकट सांगाल का?

हा मे महिन्यातला. चार माणसं, डिकी भरलेली, ४० युनिटची गाडी.

पहाटे ५ वाजता जळगावहून १०० टक्के भरून निघायचं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या चार्जरला गाडी लावताना ती पहाटेच भरून होईल असं बघा. संभाजीनगर १६० किलोमीटर: ५६ टक्के रस्त्याचे, ५ घाटाचे, पोहोचताना ३९ उरले. हे ३९ म्हणजे सव्वाशे नाही तरी शंभर किलोमीटर. शहरात तीन चार्जर बंद निघाले तरी चौथा शोधण्याइतके.

तिथे ८५ पर्यंत भरायचं. ४६ टक्के म्हणजे साडेअठरा युनिट, ३० किलोवॅटच्या मशीनवर चाळीस मिनिटं. एवढ्यात नाश्ता होतो.

अहिल्यानगर ११५ किलोमीटर. थोडा चढ धरून ४१ टक्के जातात, पोहोचताना ४४ उरतात. इथून पुणे १२० किलोमीटर, त्याला ४२ लागतील. कागदावर पुरतं, आणि इथेच लोक चुकतात. दोन टक्क्यांवर वाघोलीच्या कोंडीत शिरायचं नसतं. कोंडीत गाडी उभी असली तरी एसी तासाला एक-दीड युनिट खातो.

म्हणून अहिल्यानगरला ४४ वरून ७५ पर्यंत. साडेबारा युनिट, पंचवीस-सत्तावीस मिनिटं. पुण्यात शिरताना ३३ टक्के. मुक्कामी रात्री साध्या सॉकेटवर लावायचं.

आता अट तपासू. अहिल्यानगरचा पहिला चार्जर बंद निघाला तर शहरातच दुसरा शोधता येतो. सगळेच गेले, वादळाने शहराची वीज गेली असं धरा, तरी ४४ टक्क्यांत शिरूर येतं. ते ५५ किलोमीटर, १९-२० टक्के, म्हणजे २४-२५ वर पोहोचतो. शिरूरलाही जमलं नाही तर रांजणगाव औद्योगिक वसाहत जवळच पुढे आहे. अट पुरी झाली.

एकूण चार्जिंग तासाभराहून थोडं जास्त. पेट्रोलच्या गाडीनेही आम्ही दोन वेळा थांबायचोच, फक्त आता कुठे थांबायचं हे गाडी ठरवते.

१०० टक्के का नाही भरायचं? पुढचा थांबाच वाचेल.

ऐंशीनंतर बॅटरी मुद्दाम हळू भरली जाते. २० ते ८० ला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ शेवटचे वीस टक्के घेऊ शकतात. तुम्ही अर्धा तास उगाच बसता आणि मागचा गाडीवाला ताटकळतो. रस्त्यात ८०-८५, घरी आणि मुक्कामी १००. अपवाद एकच: पुढचा टप्पा कोरडा असेल तर बसा आणि भरा, आणि मागच्याला कारण सांगा.

६० किलोवॅटच्या मशीनवर २५-२८ चाच वेग का मिळतो?

याची कारणं चार, आणि पडद्यावरचा आकडा कधी पडतो यावरून ती ओळखता येतात.

पहिल्या मिनिटापासूनच कमी असेल आणि शेजारच्या गनला दुसरी गाडी लावलेली असेल, तर मशीन ताकद वाटून देतंय. ती गाडी निघाली की वाढेल. कधीकधी गन काढून पुन्हा लावावी लागते.

पहिल्यापासून कमी आणि शेजारी कुणीच नाही, तर मशीनची किंवा गाडीची मर्यादा. मशीनवर लिहिलेली ताकद जास्त व्होल्टेजच्या बॅटरीसाठी मोजलेली असते. तुमची बॅटरी ३२० व्होल्टची आणि मशीन १०० अँपिअर देणारं असेल तर ३२ किलोवॅटच होतात, पाटीवर काही का लिहिलेलं असेना. म्हणून पाटीवर किलोवॅटच्या खाली अँपिअरचा आकडा शोधा.

चांगला सुरू झाला आणि पन्नास टक्क्यांतच १५ वर आला, तर उष्णता. मशीनचे पंखे मोठ्याने ओरडत असतात किंवा गाडीच्या पुढच्या भागातून पंख्याचा आवाज येतो. आणि ऐंशीनंतर पडला तर ते नेहमीचंच, वर सांगितलं ते.

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात हे सगळं झेपतं का?

झेपतं, पण वेळ पाळावी लागते. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि डांबरालगतची हवा त्याहून तापलेली असते. दुपारी तासभर पळवून लगेच फास्ट चार्जरला लावलेली बॅटरी आधीच तापलेली असते. गाडी तिला थंड करायला आलेल्या विजेतलीच काही वापरते आणि चार्जिंगचा वेगही कमी करते. मशीन पत्र्याखाली किंवा उघड्यावर असेल तर तेही स्वतःला जपतं.

म्हणून पहाटे ५ ला निघणं ही मी उन्हाळ्यातली पहिली अट मानतो. संभाजीनगरचं चार्जिंग ९ च्या आत आणि अहिल्यानगरचं बारापर्यंत व्हायला हवं. दुपारी थांबावंच लागलं तर सावलीतला चार्जर निवडा, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. चार्जरला लावण्याआधीची शेवटची दहा मिनिटं शांत चालवा. टायरची हवा पहाटे थंड टायरवर तपासा. दुपारी तापल्यावर ती जास्त दिसते म्हणून काढून टाकू नका, संध्याकाळी कमी पडेल आणि खप वाढेल.

एसी बंद करून मुलांना उकाड्यात बसवण्याची गरज नाही. एसीने तासाला एक-दीड युनिट जातं. वेग ९० वरून ८० वर आणलात तर तेवढं वाचतं.

चार्जिंग सुरूच होत नाही. काय करायचं?

घाईने दहा वेळा बटण दाबू नका, क्रमाने जा. आधी मशीनवरचं लाल आणीबाणीचं बटण बघा. कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं आणि ते बाणाच्या दिशेने फिरवून सोडवावं लागतं. अर्ध्या "बिघडलेल्या" मशीनची गोष्ट इथेच संपते असा माझा अनुभव आहे.

मग गन. डीसी गनची केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली लोंबते आणि पिना नीट बसत नाहीत. गन हाताने वर उचलून, आत दाबून धरा, ॲपवरून सुरू करा आणि "टक्" असा कुलपाचा आवाज येईपर्यंत सोडू नका. हे खरोखर चालतं. तरी नाही झालं तर गन काढा, गाडी बंद करून कुलूप लावा, दोन मिनिटं थांबा, दुसरी गन वापरून बघा.

त्यानंतर मशीनवर लिहिलेल्या हेल्पलाइनला फोन. मशीनचा नंबर सांगितला की ते तिकडून ते पुन्हा सुरू करू शकतात, कधी चार्जिंगही तिकडूनच चालू करून देतात. वीस मिनिटांत काम झालं नाही तर निघा. आपण पुढच्या थांब्याची चार्ज राखून आलोय ती याचसाठी.

गन अडकली तर ओढू नका. गाडी किल्लीने पुन्हा अनलॉक करा, बहुतेक वेळा सुटते. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली हाताने ओढायची दोरी असते. ती कुठे आहे हे घरी, उजेडात, पुस्तिका हातात घेऊन एकदा बघून ठेवा.

किती ॲप लागतात?

तीन-चार तरी. ज्या दोन-तीन कंपन्यांचे चार्जर तुमच्या ठरलेल्या थांब्यांवर आहेत त्यांची, आणि एक सगळ्यांचे ठिपके दाखवणारं. घरीच नोंदणी करा, ओटीपी घ्या, पाकिटात पाचशे-पाचशे रुपये टाका. घाटाच्या पायथ्याशी रेंज नसताना ओटीपीची वाट बघत बसणं फार वाईट. घरात दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन गाडीत असू द्या.

वाटेत नातेवाइकांच्या गावी १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होईल का?

होतं. तासाला अडीच-तीन युनिट, म्हणजे साधारण २० किलोमीटर. रात्रीच्या आठ तासांत बॅटरीचे ५०-६० टक्के. चाळीसगाव, पारोळा, एरंडोलकडे आपलं कुणी ना कुणी असतंच, आणि आखाजीला बहिणीला माहेरी आणायला गेलात तर हा सगळ्यात स्वस्त चार्जर.

अडतं ते अर्थिंगपाशी. गाडीबरोबर मिळालेल्या चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो सुरूच होत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, अर्थिंगचा खड्डा वाळतो आणि त्याला जमिनीशी नीट जोड राहत नाही. खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने बघा. पुष्कळदा एवढ्याने काम होतं. नाही झालं तर वायरमनला बोलवा, सॉकेटमध्ये तारा उलट लागलेल्या असू शकतात. बाजारात अर्थिंगला चकवणारे जोड मिळतात, कुणी कितीही आग्रह केला तरी ते लावू नका. तो लाल दिवा गाडीच्या पत्र्याला हात लावणाऱ्या मुलाला वाचवण्यासाठी आहे.

एक्स्टेन्शन बोर्डही नको. पंखा-मिक्सरचा बोर्ड आठ तास १२-१३ अँपिअर झेलू शकत नाही, तो वितळतो. सॉकेट भिंतीतलं, जाड वायरचं. पहिल्या अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच काढा.

सणासुदीला रांग लागते तेव्हा?

दिवाळीत आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी अहिल्यानगर ते पुणे हा टप्पा सगळ्यात गर्दीचा असतो, कारण मराठवाडा आणि खान्देश दोन्हीकडच्या गाड्या तिथे एकत्र येतात. अशा दिवशी मी संभाजीनगरला ८५ ऐवजी ९० पर्यंत भरतो आणि अहिल्यानगरला शहरात न शिरता आधी फोनवर विचारतो. रांग असेल तर सरळ शिरूर. ९० वरून निघालं की अहिल्यानगरपाशी ४९ आणि शिरूरला २९-३० टक्के उरतात, तिथे फक्त पुण्याला पुरेल एवढं भरायचं. शिरूरहून पुणे ६५ किलोमीटर, २३ टक्के. ५५ पर्यंत भरलं तरी हातात तीस उरतात, आणि त्याला वीस-बावीस मिनिटं पुरतात.